वाशिंद ते कांजूर: एका स्क्रीनशॉटवरून बेतलेला आठवडा

कांजूरमार्गच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा पगाराआधी मी ड्युटीचा तक्ता विचारला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सव्वाआठ ते सव्वाचार. मंगळवार, गुरुवार अकरा ते सात. शनिवारी सव्वाआठ ते एक. महिन्यातून एका रविवारी ड्युटी. दादर-ठाण्याच्या माणसाला यात विचार करण्यासारखं काही दिसणार नाही. पण मी वाशिंदला राहते. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या फाट्यावर शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली आणि मग वाशिंद. इकडे गाडी चुकली तर पुढची पाच मिनिटांत येत नाही, अर्धा-पाऊण तास जातो. त्यात कांजूरला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणजे वाटेत एकदा गाडी बदलणं आलंच.

गावातल्या पासधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट पडलेला होता. उभ्या रकान्यात एकेक गाडी, आडव्या ओळीत एकेक स्टेशन, आणि आकडे मुंगीएवढे. "एम-इंडिकेटर असताना हे कशाला?" असं घरात विचारून झालं. ॲपवर आत्ता पुढची गाडी कोणती ते झटकन कळतं, ते मीही वापरते. पण मला सहा दिवसांच्या, तीन वेगवेगळ्या वेळांच्या प्रवासाचा हिशेब मांडायचा होता. अमुक गाडी चुकली तर शेजारची कोणती, हे एका नजरेत दिसायला सगळे रकाने शेजारी-शेजारी लागतात.

(खाली जे आकडे येतील ते मी मुद्दाम थोडे सरकवलेत. हिशेब कळावा एवढ्यासाठीच ते आहेत, त्यांच्या भरवशावर कुणी फलाटावर जाऊ नये.)

पहिली अडचण चित्राचीच होती. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं, आणि तेच चार ग्रुप फिरून आलं की ३ आणि ८, १ आणि ७ यांच्यात फरक उरत नाही. मोठं करून बघितलं तर आकड्यांभोवती नुसता करडा धूर. ज्यांनी टाकलं होतं त्या काकांना मी म्हटलं, "काका, हेच मला डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का?" त्यांनी पाठवलं, आणि तीच पाटी एकदम चष्मा लावल्यासारखी दिसायला लागली. दोन्हींत फरक इतका होता, की आधीच्या चित्रात ६.२८ ला मी ६.२३ वाचलं होतं.

मग गाळणी. वेळापत्रकात डोक्यावर गाडीचं नाव अक्षरांत असतं, तेच जे फलाटावरच्या इंडिकेटरवर दिसतं. कसाऱ्याला N, आसनगावला AN, टिटवाळ्याला TL, बदलापूरला BL. कर्जतची गाडी S. आणि इंडिकेटरवर स्लोलाही S च असतो, त्यामुळे नवख्या माणसाचा त्यात हमखास गोंधळ होतो. माझ्यासाठी निकष साधा होता. कर्जत, बदलापूर, अंबरनाथ या गाड्या कल्याणला दुसऱ्या फाट्याला लागतात, त्या बाद. टिटवाळा वाशिंदच्या अलीकडे, तीही बाद. उरल्या फक्त N आणि AN. भरगच्च दिसणारं ते चित्र माझ्यापुरतं सकाळच्या वेळेत मोजून सहा रकान्यांवर आलं. एवढ्यावर थांबून ते सहा रकाने हाताने वहीत उतरवले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण मला एक्सेलची हौस. फोनमध्ये चित्रातला मजकूर उचलायची सोय असते, ती वापरून मी एकेक आडवी ओळ उचलली आणि तक्त्यात चिकटवली. सगळे रकाने घेतले, म्हटलं नंतर गाळू. आणि पसारा नको म्हणून मधली स्टेशनं काढून टाकली. वाशिंद, कल्याण, ठाणे, एवढ्या तीनच ओळी ठेवल्या. इथे मी दोन चुका केल्या, आणि एका चुकीनं दुसरीला पांघरूण घातलं.

सोमवारसाठी मी ७.०२ ची गाडी निवडली. तक्ता सांगत होता की ती कल्याणला ७.१६ आणि ठाण्याला ७.३८ ला. ठाण्याला उतरून पूल ओलांडायचा, ७.४५ ची स्लो, तेरा मिनिटांत कांजूर, ७.५८. तिथून लॅब बारा मिनिटं चालत. आठ-दहाला हजर. अगदी चोख. मी त्या तक्त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावली.

पहिल्या सोमवारी ७.०२ वेळेवर आली, आणि मी टिटवाळा यायच्या आत घड्याळ बघून हबकले. ७.१६ ला आपण कल्याणला असायला हवं होतं आणि गाडी अजून खडवली सोडून टिटवाळ्याला लागत होती. मला वाटलं, गाडी रखडली. शेजारी आसनगावहून बसून येणाऱ्या एक काकू लसूण सोलत होत्या. त्यांना विचारलं, "आज लेट आहे ना गाडी?"

"नाही गं, बरोबर चाललीय. कुठं जायचंय?"

मी प्रिंटचा फोटो दाखवला. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, फोन जरा लांब धरला आणि म्हणाल्या, "वाशिंदपासून कल्याण चौदा मिनिटांत? विमानानं येतेस की काय? बत्तीस लागतात, बत्तीस. वीस वर्षं झाली मला."

ठाण्याला ७.५६ ला पोचले. स्लो ८.०३ ची मिळाली, कांजूर ८.१६, लॅबमध्ये ८.२८. पहिल्याच दिवशी तेरा मिनिटं उशीर. साहेब काही बोलले नाहीत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

रात्री मूळ चित्र आणि तक्ता शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा उलगडा झाला. वाशिंदच्या ओळीत प्रत्येक रकान्यात वेळ नसते. टिटवाळ्याहून सुटणारी गाडी वाशिंदला नसतेच, त्यामुळे तिथे रेघ किंवा कोरी जागा असते. डोळ्याला ती जागा दिसते. मजकूर उचलताना मात्र कोरी जागा हा मजकूर नव्हे, म्हणून ती गळते आणि तिच्या पुढचे सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात. चित्रात असं होतं:

```
           N       TL      AN
वाशिंद     6:28    -       7:02
टिटवाळा    6:44    7:00    7:18
कल्याण     7:00    7:16    7:34
ठाणे       7:22    7:38    7:56
```

आणि माझ्या तक्त्यात ७.०२ जाऊन बसली होती टिटवाळा गाडीच्या डोक्यावर. खालच्या कल्याण, ठाण्याच्या ओळींत कोरी जागाच नाही, म्हणून त्या जागच्या जागी राहिल्या. निघायची वेळ एका गाडीची, पोचायची दुसऱ्या गाडीची. टिटवाळ्याची ओळ मी काढली नसती तर तिथेच दिसलं असतं, की ही गाडी वाशिंद ७.०२ ला सोडून टिटवाळ्याला ७.०० ला पोचते, म्हणजे पोचते आधी आणि निघते नंतर. पण मधली स्टेशनं मीच उडवली होती. साक्षीदार हाकलून दिल्यावर कोण बोलणार?

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे आडव्या ओळी उचलणं बंद केलं. चित्र उभं कापून घ्यायचं, एका वेळी एकच गाडी, डावीकडे स्टेशनांची नावं दिसतील असं, आणि वेळा हाताने टाइप करायच्या. सहा गाड्यांना वीस मिनिटंही लागली नाहीत. दुसरी म्हणजे काकूंचे बत्तीस. एका वेगाने जाणाऱ्या गाड्यांना दोन स्टेशनांमध्ये जवळपास तेवढाच वेळ लागतो, एखाद-दोन मिनिटं इकडे-तिकडे. मग प्रत्येक गाडीच्या खाली ते अंतर काढून बघायचं. एक्सेलमध्ये वेळ हा दिवसाचा अंश म्हणून साठवला जातो, दिवसात मिनिटं १४४०, म्हणून:

```
=MOD(B4-B2,1)*1440
```

B2 मध्ये वाशिंद, B4 मध्ये कल्याण. घराचा फॉरमॅट साध्या आकड्याचा ठेवायचा, म्हणजे ३२ दिसतात. MOD रात्रीच्या गाडीसाठी, नाहीतर बाराच्या आधी निघून बारानंतर पोचणारी गाडी उणे चौदाशेच्या आसपास आकडा दाखवते. ओळभर ३२, ३२, ३१, ३३ आलं की ठीक. मध्येच १४ किंवा ५० आलं की त्या रकान्यात आकडा चुकलाय, किंवा ती गाडी वेगळ्या जातीची आहे. माझ्या दुसऱ्या तक्त्यात एक ३७ निघाला. मूळ चित्र बघितलं तर तो वाचण्यातला घोटाळा होता, ७.५३ चे मी ७.५८ आणि त्याच्या मागोमाग ठाण्याचेही चुकीचे टाइप केले होते.

टाइप करतानाही एक खड्डा आहे. आपण बोलताना-लिहिताना सात-वीस म्हणजे 7.20 असं टिंब देतो. एक्सेलला ते वेळ वाटत नाही, तो दशांश समजतो, शेवटचं शून्य खातो आणि घरात 7.2 उरतं. महिनाभराने ते 7.2 बघितलं की सात-दोन की सात-वीस, कळायला मार्ग नाही. 7:20 असं विसर्गासारखं चिन्ह द्यायचं. वेळ नीट बसली की आकडा आपोआप घराच्या उजव्या कडेला जातो. डावीकडे चिकटून राहिला तर त्याने तो मजकूर समजलाय, आणि त्यावरच्या वजाबाकीचा भरवसा नाही.

आता खरा बेत. तो मी उलट्या टोकाने केला, लॅबच्या दारापासून मागे. सव्वाआठला खुर्चीत, म्हणजे आठला दारात, म्हणजे कांजूरला उशिरात उशिरा ७.४८. स्लोला ठाण्याहून तेरा मिनिटं, मुलुंड, नाहूर, भांडुप आणि मग कांजूर. म्हणजे ठाण्याची ७.३३ ची स्लो, ती कांजूरला ७.४६. राहिला ठाण्याचा पूल. फास्टच्या फलाटावरून स्लोच्या फलाटावर जायला किती वेळ लागतो, हे कुठल्याच वेळापत्रकात नसतं. मी दोन दिवस घड्याळ लावून मोजलं. सकाळी सव्वासातच्या आसपास चार मिनिटं, संध्याकाळी सात. पुढच्या डब्यात बसलं तर आणखी एक वाढतं, कारण माझा जिना मधल्या डब्यांसमोर येतो. म्हणजे ठाण्याला ७.२२ ला पोचणारी हवी, आणि ती वाशिंदहून ६.२८ ला. फ्रिजवरच्या पहिल्या कागदापेक्षा चौतीस मिनिटं आधी. झोप गेली, पण अकरा मिनिटांची उसंत मिळाली. गाडी पाच-सात मिनिटं मागे असली तरी ७.३३ सापडते.

एका मैत्रिणीने दुसरी वाट सुचवली. ठाण्याला उतरूच नको, सरळ घाटकोपरला जा आणि डाऊन स्लोने विक्रोळी, कांजूर अशी दोन स्टेशनं मागे ये. सकाळी डाऊन गाडीत जागा असते, हे खरं. मी दोनदा करून बघितलं. ठाण्यापेक्षा साधारण दहा मिनिटं जास्त जातात, आणि पास घाटकोपरपर्यंतचा हवा, कांजूरपर्यंतच्या पासावर पुढे गेलं तर तो विनातिकीट प्रवासच. मी पास घाटकोपरपर्यंतचा काढला आणि ही वाट राखीव ठेवली. ठाण्याला उतरायच्या दाराशी माणसांची भिंत असेल त्या दिवशी मी तिच्याशी भांडत नाही, पुढे जाते.

मंगळवार-गुरुवारची सकाळ सोपी, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अवघड आहे ती त्या दिवसांची संध्याकाळ. सातला सुटते, सात-बाराला कांजूरच्या फलाटावर. ठाण्याला कसारा ७.४० ची, वाशिंदला ८.३४. तिच्यानंतर वाशिंदला जाणारी आसनगाव ठाण्याला थेट ८.१४. मधल्या चौतीस मिनिटांत कल्याण जाईल, बदलापूर जाईल, टिटवाळाही जाईल, माझ्या कामाचं एकही नाही. पहिले काही दिवस मी ७.४० डोक्यात ठेवून चालायचे आणि गाडी डोळ्यांदेखत सुटायची. मग तक्त्यात मागे मोजलं. कांजूरहून ७.१८ ची स्लो ठाण्याला ७.३१ ला पोचते, पुलाला सात मिनिटं, ७.३८. दोन मिनिटं हातात. पुढची स्लो ७.२४, ठाण्याला ७.३७, आणि पूल उतरेपर्यंत ७.४४. म्हणजे माझी गाडी ७.४० ची नाहीच, ती ७.१८ ची आहे. ती गेली की ७.४० गेलीच, मग पुलावर धावायचं नाही. कांजूरला चहा घ्यायचा आणि ८.१४ धरायची. मधल्या टिटवाळ्याने पुढे जाऊन बसावं असं एकदा वाटलं होतं. पण टिटवाळ्याच्या फलाटावर वाट बघायची ती त्याच आसनगावची, आणि ती येते तेव्हा आत शिरायची सोय नसते. ठाण्याला निदान दारातून आत जाता येतं.

शनिवारची ड्युटी सव्वाआठचीच, त्यामुळे सकाळचा बेत तोच. रविवारचा मात्र सगळा हिशेब वेगळा. चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत काही गाड्यांपुढे रविवारी नाही अशी खूण होती. ग्रुपवर फिरताना तळ कापला गेला होता, काकांच्या मूळ प्रतीत तो होता. सणासुदीच्या काही सुट्ट्यांनाही रविवारचं वेळापत्रक लावतात, आणि लॅबला त्या दिवशी सुट्टी असेलच असं नाही. वर मेगाब्लॉक. माटुंगा ते मुलुंड स्लो मार्गावर ब्लॉक असला की स्लो गाड्या फास्टच्या रुळांवरून नेतात, आणि त्या रुळांना कांजूर, नाहूर, विद्याविहार इथे फलाटच नाही. ब्लॉकच्या वेळेत गाडी कांजूरवरून जाते, तुम्ही खिडकीतून स्वतःचं स्टेशन बघता आणि विक्रोळीला उतरता. ब्लॉक सहसा दहा-अकराच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे सकाळी जाताना नाही, परतताना गाठतो. रविवारच्या कागदावर म्हणून वेळा कमीच आहेत. "शनिवारी ब्लॉक बघणे, स्लो मार्ग असेल तर विक्रोळीहून परत" एवढी एक ओळ आहे.

शेवटी उरलं ते इतकंच. एका दिवसाला चार आकडे. फोनच्या लॉक स्क्रीनवर ते चित्र करून लावलंय:

```
सो बु शु श | वाशिंद 6:28 | ठाणे 7:22 -> 7:33 | कांजूर 7:46
मं गु परत  | कांजूर 7:18 | ठाणे 7:31 -> 7:40 | वाशिंद 8:34
           | 7:18 चुकली तर ठाणे 8:14
```

सकाळच्या ओळीला चुकली तर असं काही लिहिलेलं नाही, कारण ६.२८ चुकली तर ७.०२, आणि ७.०२ म्हणजे ८.२८ ला लॅब, हे मला लिहून ठेवायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मी कोपऱ्यात लिहितेच, चित्र कोणत्या तारखेपासूनच्या वेळापत्रकाचं आहे ती. ५ ऑक्टोबर २०२४ पासून मध्य रेल्वेचं नवं उपनगरी वेळापत्रक लागू झालं, आणि ग्रुपवर त्याच्या आधीची चित्रंही अजून फिरतात. जुनं आणि नवं दिसायला सारखंच. तारीख डोक्यावरच्या पट्टीत असते, आणि स्क्रीनशॉट घेणारा नेमकी तीच कापतो, कारण त्याला वेळा मोठ्या दिसायला हव्या असतात. तारीख नसेल तर माझ्या सहा गाड्यांपैकी तीन मी ॲपमध्ये ताडून बघते. तिन्ही जुळल्या तरच चित्र घ्यायचं. एक जरी दोन मिनिटांनी सरकली असेल तर ते चित्र जुनं धरायचं.

काकूंना मी सुधारलेला कागद दाखवला. त्यांनी कल्याणची वेळ बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "हे आमच्या ग्रुपवर टाक की, नवीन पोरी विचारत असतात." मी टाकला, डॉक्युमेंट म्हणून, वर ठळक तारीख आणि खाली रविवारची टीप ठेवून. पंधरा मिनिटांत कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन गावच्या दुसऱ्या ग्रुपवर टाकला होता. वरची पट्टी कापलेली, खालची टीप कापलेली, आणि ६.२८ पुन्हा ६.२३ दिसत होती.